'वयात येणं' हा रकाना भरताना

प्रश्न: बारावीच्या समाजशास्त्राच्या मुलांना उजळणीसाठी जन्म, वयात येणं, लग्न आणि अंत्यविधी असा वेगवेगळ्या धर्मांचा तक्ता एका पानात द्यायचाय. बाकी जमलं, दुसऱ्या रकान्यात गोंधळ होतोय. कसा भरू?

दादरला क्लास घेतो, हा तक्ता मीही दरवर्षी काढतो. पहिल्या वर्षी मुसलमानांच्या ओळीत 'वयात येणं'खाली बिनधास्त 'सुंता' लिहून मोकळा झालो होतो. झेरॉक्स वाटून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझी तर मी पाळण्यात असतानाच झाली." वर्ग हसला आणि मी सगळ्यांना पेनाने खोडायला लावलं.

रकाना रिकामा दिसला की हात शिवशिवतो, म्हणून असं होतं. ज्यूंची सुंता आठव्या दिवशी होते, म्हणजे ती सरळ जन्माच्या रकान्यात जाते. मुसलमानांत तिला एकच ठरलेलं वय नाही, कुणाकडे बाळपणी तर कुणाकडे काही वर्षांनी होते. पण तिने मुलावर धर्माची नवीन कर्तव्यं येत नाहीत. तेव्हापासून मी दोनच गोष्टी विचारतो: या दिवसानंतर मुलाच्या अंगावर नवीन कर्तव्य काय आलं? आणि ते विधीमुळे आलं की नुसत्या वयामुळे?

पारशांची नवजोत घेऊन बघा. साधारण सात ते अकरा वर्षांचं मूल, मुलगा असो वा मुलगी. आधी नहाण होतं. मग दस्तूरजी मुलाला मलमलीचा पांढरा सदरा घालतात आणि मागे उभं राहून कमरेला कुस्ती बांधतात. कुस्ती लोकरीची, ७२ धाग्यांची. यस्ना या पारशी प्रार्थनाग्रंथाचे अध्याय ७२, म्हणून. कमरेभोवती तिचे तीन वेढे होतात. सदऱ्याला गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, केलेली सत्कर्मं त्यात साठतात असं मानतात. त्या दिवसापासून रोज प्रार्थना म्हणत कुस्ती सोडून पुन्हा बांधायची. म्हणजे वय अजून कोवळंच, शरीराचा काही संबंध नाही, पण कर्तव्य विधीने आणलं. मुंजीचं हेच: मातृभोजन झालं, जानवं घातलं, गायत्री मिळाली की संध्या मागे लागते. फरक एवढाच की मुंज परंपरेने ठरावीक जातींतल्या मुलग्यांचीच. आता काही घरी मुलींचीही करतात, पण तक्त्यात सरसकट 'हिंदू: मुंज' लिहू नका. वर्गातल्या निम्म्याहून अधिक हिंदू पोरांची मुंज झालेली नसते आणि ती तसं तोंडावर सांगतात.

ज्यूंकडे उलट. मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माज्ञा पाळायला आपोआप बांधला जातो. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायचा बार मित्झ्वाचा सोहळा नाही केला तरी तो सुटत नाही. मुसलमान मूल बालिग झालं की नमाज-रोजा फर्ज, त्यासाठी वेगळा समारंभच नाही. म्हणून त्या चौकटीत मी आता असं लिहितो:

| धर्म | वयात येणं | कर्तव्य कशाने येतं |
|---|---|---|
| हिंदू (काही जाती) | मुंज | विधीने |
| पारशी | नवजोत | विधीने |
| ज्यू | बार मित्झ्वा | वयाने. सोहळा फक्त खूण |
| मुसलमान | वेगळा विधी नाही | बालिग झाल्याने |
| शीख | अमृत छकणं, म्हणजे खालसा दीक्षा | स्वेच्छेने, वयाची अट नाही |

कॅथलिकांचं दृढीकरण मी मुद्दाम वर घेतलं नाही. मुंबईत ते बहुतेकांचं शाळेच्या शेवटच्या वर्षांत होतं, त्यामुळे ते मोठं होण्याचा विधी वाटतं. पण त्यांच्या शिकवणीत तो बाप्तिस्म्याला पूर्णत्व देणारा संस्कार आहे. तळटीप टाका, पुरेशी आहे.

लग्नाच्या रकान्यात फारशी अडचण नाही. निकाह हा करार आहे, त्यात इजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहर बघतात. कॅथलिकांकडे लग्न संस्कार आहे, प्रोटेस्टंट तसं मानत नाहीत. 'ख्रिश्चन' अशी एकच ओळ केलीत तर इथे फसाल.

अंत्यविधीत पारशांपुढे 'गिधाडांना देतात' एवढंच लिहिलेलं दिसलं की मी मार्क कापतो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं जवळपास संपली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, आज देह सुकवायला उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे लावलेत, आणि ज्यांना दहन हवं त्यांच्यासाठी वरळीच्या स्मशानात २०१५पासून प्रार्थनागृह आहे. त्या चौकटीत दोन ओळींची जागा आधीच सोडून ठेवा.