कबड्डीच्या एका चढाईवरून फिजिकल एज्युकेशनच्या थिअरी नोट्स

प्रश्न: बारावीला सीबीएसईचं फिजिकल एज्युकेशन आहे. ट्रेनिंग प्रिन्सिपल्स, बॉडी सिस्टीम्स आणि खेळाचे नियम अशा तीन वेगळ्या वह्या केल्या, पण व्याख्या एकमेकींत मिसळतात आणि केस स्टडीचा प्रश्न आला की काहीच सुचत नाही. खेळ कबड्डी घेतलाय. नोट्स कशा काढू?

तीन वह्या बाजूला ठेवा आणि एका चढाईवर नोट्स काढा. कबड्डीतली चढाई 30 सेकंदांची असते. तेवढ्या वेळात शरीर काय करतं हे नीट कळलं की ट्रेनिंगची तत्त्वं त्यातूनच निघतात. नियमही त्याच चढाईला चिकटून लक्षात राहतात. लेखी पेपर 70 गुणांचा आणि प्रात्यक्षिक 30 चं. नियमांची खरी परीक्षा प्रात्यक्षिकाची फाइल आणि तोंडीमध्ये होते, पण केस स्टडीत खेळाडूची परिस्थिती देऊन शरीरशास्त्र आणि ट्रेनिंग एकत्र विचारतात. वेगवेगळ्या वह्यांतून पाठ केलेलं तिथे कामाला येत नाही.

सुरुवात ऊर्जेपासून करा. स्नायूला आकुंचनासाठी एटीपी लागतं आणि साठवलेलं एटीपी काही सेकंदांत संपतं. ते लगेच भरून देतं क्रिएटिन फॉस्फेट. या जोडीवर साधारण 8 ते 10 सेकंद पूर्ण जोर लावता येतो. चढाईपटू निदान रेषेपलीकडे झेप घेतो, कोपऱ्यावरच्या खेळाडूला पाय मारून माघारी उडी घेतो, ते सगळं यावर चालतं. जोर तसाच राहिला तर पुढच्या सेकंदांत ग्लायकोजेनचं ऑक्सिजनशिवाय विघटन जास्त वाटा उचलतं आणि लॅक्टिक आम्ल साचायला लागतं. पुस्तकात याला लॅक्टिक आम्ल प्रणाली म्हणतात. तिची मुदत साधारण दोन ते तीन मिनिटं. त्यापुढच्या लांब कामाला ऑक्सिजनवर चालणारी एरोबिक प्रणाली.

इथे बहुतेकांच्या उत्तरात एक चूक असते. दहावा सेकंद झाला की पहिली प्रणाली बंद आणि दुसरी चालू, असं लिहितात. तसं होत नाही. तिन्ही प्रणाली पहिल्या सेकंदापासून चालूच असतात, फक्त कोणाचा वाटा किती हे बदलतं. ‘प्रमुख वाटा’ एवढे दोन शब्द घातले तरी उत्तर बरोबर होतं.

आता चढाई संपली आणि खेळाडू आपल्या अंगणात परतला. समोरच्याची चढाई सुरू झाली, म्हणजे जास्तीत जास्त आणखी 30 सेकंद. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुरता रिकामा झाला असेल तर अर्ध्या मिनिटात तो साधारण निम्माच भरतो. जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तोच खेळाडू लगेच पुन्हा चढाईला गेला तर निम्म्या साठ्यावर जातो, शिवाय मधल्या वेळात त्याला साखळीत उभं राहून पकडीसाठी धावावंही लागलेलं असतं. पहिल्या चढाईत वाऱ्यासारखा सुटलेला खेळाडू लागोपाठच्या तिसऱ्या चढाईत जड का दिसतो, त्याचं उत्तर इथे आहे. आणखी एक गोष्ट: हा साठा भरून काढायला ऑक्सिजनच लागतो. म्हणून चढाई स्फोटक असली तरी चढाईपटूला एरोबिक क्षमता हवीच. ‘कबड्डी हा अ‍ॅनएरोबिक खेळ आहे, मग लांब धावणं कशाला?’ असा प्रश्न तोंडीत आला तर हेच कारण सांगा.

श्वसनसंस्थेसाठी ‘दम’ हे तयार उदाहरण आहे. ‘कबड्डी’ हा उच्चार आपण श्वास सोडतानाच करतो, त्यामुळे दम घालताना फुप्फुसांतली हवा थोडी थोडी बाहेर जात राहते. दम तुटायला येतो तेव्हा ऑक्सिजन संपला म्हणून जीव कासावीस होतो असं मुलं लिहितात. श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते. मेंदूतलं श्वसनकेंद्र त्याच्या वाढीला फार संवेदनशील असतं. परत आल्यावर धापा टाकणं म्हणजे ऑक्सिजनचं कर्ज फेडणं, आणि त्या फेडीतला सुरुवातीचा भाग वर सांगितलेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा भरण्यात जातो.

रक्ताभिसरणासाठी एकच गणित पक्कं करा. हृदय एका मिनिटात जेवढं रक्त बाहेर ढकलतं ते कार्डियाक आउटपुट; ते म्हणजे नाडीचे ठोके गुणिले एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम. सराव नसलेल्या माणसाचे विश्रांतीत 72 ठोके आणि दर ठोक्याला 70 मिलिलिटर धरले तर 5040 मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर. सराव केलेल्या खेळाडूचे 50 ठोके आणि 100 मिलिलिटर धरा, तरीही पाच लिटरच. ‘सरावाने विश्रांतीतलं कार्डियाक आउटपुट वाढतं’ हे वाक्य म्हणून चुकीचं. विश्रांतीत गरज तेवढीच असते, हृदय ती कमी ठोक्यांत भागवतं. वाढतं ते कमाल श्रमाच्या वेळचं आउटपुट, कारण स्ट्रोक व्हॉल्यूम मोठा झालेला असतो.

एवढं झालं की ट्रेनिंगची तत्त्वं पाठ करावी लागत नाहीत. या चढाईपटूसाठी सराव आखून बघा. 30 सेकंद जवळपास पूर्ण वेगात दिशा बदलत धावणं, 30 सेकंद सावकाश चालणं, असं सहा वेळा; हा एक संच. मग चार मिनिटं विश्रांती आणि पुन्हा एक संच. हेच इंटरव्हल ट्रेनिंग. धावणं सरळ ट्रॅकवर न ठेवता साडेसहा मीटरच्या अर्ध्या मैदानात, वळत, वाकत आणि दम घालत केलं की ते विशिष्टतेचं तत्त्व झालं. ज्या स्नायूंवर आणि ज्या ऊर्जाप्रणालीवर ताण पडतो, बदल तिथेच होतो. संचांमधली विश्रांती चार मिनिटं का, हेही आता सांगता येतं. ती एक मिनिटावर आणली तर साठा भरत नाही, वेग पडतो, आणि वेगाचा सराव दमसासाचा होऊन बसतो.

ओव्हरलोड म्हणजे शरीराला सवय झाली त्याहून थोडा जास्त भार. दोन आठवड्यांनी सहाऐवजी आठ वेळा करा, किंवा मधलं चालणं 25 सेकंदांवर आणा. दोन्ही एकदम नको. दोन्ही बदलले तर खेळाडू कशामुळे थकला ते कळत नाही. एकेक पायरीने चढवणं हे प्रगतीचं तत्त्व. ओव्हरलोड आणि ओव्हरट्रेनिंग एकच समजून लिहिणारे खूप असतात. पहिल्यात भार मुद्दाम दिलेला असतो आणि विश्रांतीत शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. दुसऱ्यात विश्रांतीच अपुरी पडते. झोपेतून उठल्याबरोबर मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली काही दिवस सलग दिसली, झोप बिघडली आणि मैदानावर वेग घसरला, तर भार कमी करायचा. ही लक्षणं केस स्टडीत घालायला उत्तम.

सराव सोडला की कमावलेलं उतरतं, हे रिव्हर्सिबिलिटीचं तत्त्व. त्याचं कारण वरच्या गणिताला जोडून लिहा. खाडा झाला की सुरुवातीच्या दिवसांतच रक्तातल्या प्लाझ्माचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे स्ट्रोक व्हॉल्यूम घटतो आणि त्याच कामाला जास्त ठोके लागतात. दमसास दोन आठवड्यांत घसरू लागतो, ताकद त्यामानाने बरीच टिकते. वैयक्तिक फरक, सातत्य आणि बाकीची तत्त्वं दोन-दोन ओळींत आटोपतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

नियमांत आकृती आधी काढा. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा, उरले पावणेदोन मीटर. बेरीज साडेसहा येते का ते पाहायचं, की आकडे चुकत नाहीत. महिलांचं 12 बाय 8: निदान रेषा 3 मीटरवर, बोनस 4 वर, मागे 2 मीटर. दोन्ही बाजूंना 1 मीटरची लॉबी. झटापट सुरू झाल्यावरच ती खेळात धरतात, त्याआधी पाय पडला तर बाद. पुरुषांचे 20 मिनिटांचे दोन डाव, महिलांचे 15 चे, मध्ये पाच मिनिटं. संघात बारा, मैदानात सात.

चढाईपटूने कोणालाही स्पर्श केला नसेल तर निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतता येत नाही, परतला तर तो बाद. ओलांडणं म्हणजे पाऊल रेषेपलीकडे टेकलेलं आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत. मागचा पाय जमिनीला चिकटलेला असेल तर रेषा ओलांडली असं धरत नाहीत. मुलं हे हमखास विसरतात.

गुणांचा सराव हिशोब करून करा. समोर सातही खेळाडू आहेत, चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, दोघांना स्पर्श केला आणि सुखरूप परतला. गुण तीन, पण त्याच्या संघाचे जिवंत होणारे खेळाडू दोनच, कारण बोनसवर कोणी जिवंत होत नाही. समोर पाचच खेळाडू असते तर तोच बोनस मिळालाच नसता, तो सहा किंवा अधिक खेळाडू असतानाच मिळतो. समोर दोघेच उरले आणि दोघांनाही स्पर्श करून तो परतला, तर स्पर्शाचे दोन आणि समोरचा सगळा संघ बाद झाला म्हणून लोणाचे जादा दोन, एकूण चार. आणि समोर तिघे असताना त्यांनी त्याला पकडलं तर ती सुपर टॅकल, एकाऐवजी दोन गुण. तोंडीत परीक्षक बहुधा आकडे बदलून यातलाच एखादा प्रसंग विचारतात, तेव्हा आधी ‘समोर किती खेळाडू आहेत?’ हे स्वतःच विचारून घ्या, मगच गुण सांगा.