साठ ऑर्डरी घेण्याआधी एकदा हात मोजा

> नमस्कार. छोटा शेतकरी आहे. काल आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन भाजी विकली! १४ घरांनी मागवली, १४ही घरी पोचली. एका ताईंनी पालकाचा फोटो काढून पाठवला, तो बघून आम्ही दोघं नवराबायको किती वेळ नुसते हसत होतो. ज्यांनी इथे शंका विचारू दिल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात ६० ऑर्डरी घ्यायचं ठरवलंय. माल जास्त असल्याने आदल्या दिवशी दुपारी तोडणी करून रात्री पिशव्या भरून ठेवू, सकाळी गाडी येईल. मला यातलं फार कळत नाही हे खरं, काही चुकत असेल तर सांगा.

दादा, मनापासून अभिनंदन. १४ पैकी १४ घरी ताजी भाजी पोचली ही मोठी गोष्ट आहे. ॲप कुठलं, पैसे कसे घ्यायचे, फोटो कसे काढायचे हे सगळं तुम्हाला जमलेलंच दिसतंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यासाठी. "आदल्या दिवशी दुपारी तोडणी करून रात्री पिशव्या भरून ठेवू." अगदी हेच आम्ही केलं होतं, आणि त्या एका दिवसाने आमचे निम्मे ग्राहक गेले.

आधी सांगते, माझी शेती लहान आहे आणि शीतगृह नाही. तुमची हवा, तुमचं अंतर वेगळं असेल. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका, स्वतःकडे मोजून बघा.

आमच्याही पहिल्या खेपा लहान होत्या, पंधरा-सोळा घरांच्या. पहाटे काढायचं, सावलीत निवडायचं, नऊच्या आत रवाना. सगळं सुरळीत चाललं म्हणून एका आठवड्यात एकदम ६२ ऑर्डरी घेतल्या. पहाटे तेवढं उरकणार नाही हे दिसत होतं, म्हणून आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर कापणीला लागलो. पालक आणि कोथिंबीर भर उन्हात कापली. माती निघावी म्हणून धुतली, थोडी झटकली, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली. पाला सुकू नये म्हणून पिशव्यांची तोंडं घट्ट बांधली आणि खोलीत एकावर एक रचून ठेवल्या. रात्री साडेदहाला काम संपलं तेव्हा ढीग इतका हिरवागार दिसत होता की आम्ही निश्चिंत झोपलो.

सकाळी पिशव्यांना आतून थेंब आले होते. मी ढिगाच्या मधोमध हात घातला तर आत कोमट लागलं. बाहेर पहाटेचा गारवा आणि पिशवीत ऊब. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ६२ माणसं वाट बघत होती आणि वरून पाला हिरवाच होता, म्हणून माल तसाच गाडीत चढवला. दुपारपासून फोटो यायला लागले. काळी पडलेली, बुळबुळीत पानं. २३ घरांचा पालक फेकावा लागला. वासामुळे शेजारची बाकी भाजीही काहींनी टाकून दिली.

नेमकं काय झालं ते समजायला मला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर सांगते. कापल्यावर भाजी मरत नाही, तिचा श्वास चालू असतो. श्वासाबरोबर ती स्वतःमधली साखर खर्च करते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. दुपारी कापलेला पाला शेतातली ऊब घेऊनच घरात येतो. तो गार व्हायच्या आत घट्ट पिशवीत कोंडला की ती ऊब बाहेर पडत नाही, उलट श्वासाची आणखी भर पडते. धुतल्याचं पाणी पानांवर राहिलेलंच असतं. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की कुजवणाऱ्या जिवाणूंना रात्र पुरते. पालकाचं पान पातळ, म्हणून तो पहिला गेला.

पण दुपारची कापणी हे खरं कारण नव्हतंच. ती वेळ आमच्यावर का आली, ते बघा. आम्ही जमिनीवर माल किती उभा आहे ते मोजलं होतं, हात किती आहेत ते मोजलं नव्हतं. नंतर मी घड्याळ लावून पाहिलं. एक पाकीट म्हणजे निवडणं, जुडी बांधणं, वजन, भरणं, नाव लिहिणं. आमच्याकडे याला सरासरी ३ मिनिटं लागतात. एका घराची पाच पाकिटं धरा. १४ घरांची ७० पाकिटं, म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास. दोघांत पावणेदोन तासांत होतं, म्हणून तुमचं परवा आरामात उरकलं. ६० घरांची ३०० पाकिटं, म्हणजे ९०० मिनिटं. पंधरा तास! दोघांत साडेसात तास, आणि कापणी यात धरलेलीच नाही. पहाट कधीच पुरणार नाही, काम आपोआप आदल्या दुपारवर सरकणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: पुढच्या आठवड्यात २० ते २५ च्या वर जाऊ नका. २५ घरांना साधारण सव्वासहा तासांचं काम आहे, दोघांत तीन तास. एखादा मदतीचा हात मिळाला तर आणखी सोपं. ऑर्डर घेणं आदल्या संध्याकाळी बंद करा आणि शेतात दिसतं त्याच्या पाऊण भागाइतकीच विक्री उघडी ठेवा, कारण निवडताना खराब निघतंच. नको म्हणायला जीव तुटतो, मला माहीत आहे. पण ज्यांना पुढच्या खेपेला या म्हणून सांगितलं ते आले, ज्यांना सडका पालक गेला त्यांतले बरेच आले नाहीत.

सगळंच पहाटे करायला हवं असंही नाही. टोमॅटो आणि गाजरं आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर काढली तरी चालतात, फक्त रात्रभर जाळीच्या क्रेटमध्ये, वारा लागेल असं सावलीत ठेवा. घेवडा मात्र दव वाळल्यावरच तोडा, ओल्या वेलींत हात घातला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पहाटेसाठी राखायचा तो पाला आणि काकडी. पाला कापला की लगेच सावलीत घ्या. उन्हात पाच मिनिटं पडलेली जुडी मला आता हाताला कळते. धुवायचंच असेल तर स्वच्छ गार पाण्यात बुचकळा, त्याने ऊबही उतरते. पण पाणी गढूळ झालं की लगेच बदला, नाहीतर एका जुडीची कीड-कूज सगळ्यांना लागते. मग जाळीवर पसरा आणि थेंब निथळून पान कोरडं होईपर्यंत पिशवीला हात लावू नका. पिशवीला पेन्सिलीच्या टोकाएवढी आठ-दहा भोकं पाडा. घट्ट गाठ नको.

वजनही निथळल्यावरच करा. पाण्यासकट तोललेला अर्धा किलो ग्राहकाच्या घरी कमी भरतो, आणि त्याला वाटतं आपण मापात मारलं. पाल्यातून वाटेत पाणी उडतंच, शंभरातले तीन ते पाच भाग उडाले की तो मलूल दिसायला लागतो. मी ५०० ग्रॅमच्या जागी ५२० भरते. तुमच्यासारख्या सच्च्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तरी लिहिलं.

एक आडवा सल्ला. उरलेली भाजी ठेवायला फ्रिज रिकामा करणार असाल तर पाला खुशाल ठेवा, टोमॅटो-काकडी नको. साधारण १० अंशांच्या खाली ही दोन्ही काही दिवस राहिली की बिघडतात. काकडीला खड्डे पडून पाणी सुटतं, टोमॅटो नीट पिकत नाही आणि चव जाते. आणि पिकलेले टोमॅटो पाल्याच्या पिशवीत कोंबू नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने पानं पिवळी पडतात, गाजरं कडवट होतात.

आता गाडीबद्दल. नाव घेत नाही. आमच्या त्या दिवशी गाडी सातला येणार होती, आली साडेदहाला. तोवर ढीग अंगणात होता आणि ऊन वर आलं होतं. चूक आमची होतीच, पण त्या साडेतीन तासांनी उरलंसुरलं संपवलं. त्यांच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले लेखी द्या, दुसऱ्यांदा साहेब नाहीत, तिसऱ्यांदा एका मुलाने करारातली बारीक अक्षरातली ओळ दाखवली की नाशवंत मालाला भरपाई नाही. ती ओळ सही करताना कोणीही दाखवली नव्हती. आजही आठवलं की राग येतो. भाजी पोचवायचं काम घेतात आणि भाजी नाशवंत असते हे आम्हाला सांगतात! तुम्ही आजच विचारून घ्या: गाडी उशिरा आली तर काय, आणि नाशवंत मालाचं काय. उत्तर फोनवर नको, लिहून मागा. माल चढवताना वेळ दिसेल असा फोटो काढत जा. गाडी येईपर्यंत क्रेट सावलीत, वर ओलं गोणपाट, पण गोणपाटाचं पाणी पिशव्यांवर ठिबकणार नाही असं.

आणि हे एक काम या खेपेपासूनच सुरू करा. प्रत्येक खेपेतली एक पाल्याची पिशवी स्वतःकडे ठेवा, ग्राहकाला जाते तशीच भरलेली. गाडीत जेवढा वेळ जातो तेवढा वेळ तीही बाहेरच राहू द्या, मग दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. आधी वास घ्या, मग हात मधोमध घाला. आंबूस वास आला, आत कोमट लागलं किंवा देठाची टोकं चिकट झाली असतील, तर ग्राहकांच्या फोटोची वाट बघू नका. त्याच सकाळी प्रत्येकाला फोन करा आणि पैसे परत करा. आम्ही तेव्हा पहिले फोटो आल्यावर फोन केले. ज्या नऊ घरांना त्यांचा स्वतःचा फोटो येण्याआधी फोन लागला होता, त्यांतली सात घरं आजही आमच्याकडूनच भाजी घेतात.