शाळेच्या कबड्डी सामन्याचं समालोचन

शाळेतल्या कबड्डी सामन्याचं समालोचन करायचंय. रंगत टिकवून पालकांना नियम कसे समजावू?

चढाई जेमतेम 30 सेकंदांची. ती चालू असताना फक्त दिसतंय तेवढंच, तुटक वाक्यांत बोला. नियम सांगायचा तो गुण मिळाल्यावर, पुढचा चढाईपटू निघायच्या आत. असं:

“निळ्यांची तिसरी चढाई, आधीच्या दोन रिकाम्या! आता गुण नाही तर गडी बाद. समोर लालांचे फक्त तिघं... डावा कोपरा सरसावला... घोटा धरला! मध्यरेषेकडे हात... नाही पोचला! पकड! पालकहो, मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली, की एकाऐवजी दोन गुण. शिवाय लालांचा एक गडी परत आत!”

तिसऱ्या चढाईचा आणि या जादा गुणाचा नियम तुमच्या स्पर्धेत लागू आहे का, ते पंचांना आधीच विचारा. नाहीतर तुम्ही दोन म्हणाल आणि गुणफलकावर एकच दिसेल.