गोव्याच्या नागरी कायद्यावर डिसर्टेशन: विषयातून प्रश्न कसा काढायचा?

प्रश्न: मी गोव्यात एलएलएम करते. डिसर्टेशनसाठी ‘गोव्याचा समान नागरी कायदा आणि स्त्रियांचे हक्क’ हा विषय दिला, पण गाइड म्हणतात फार मोठा आहे, यात तुमचा मुद्दा काय ते दिसत नाही. विषय लहान कसा करायचा आणि मुद्दा कुठून आणायचा?

उत्तर:

तुमच्या गाइडचं म्हणणं बरोबर आहे. या विषयात विवाहनोंदणी, पती-पत्नीची सामाईक मालमत्ता, घटस्फोट, वारसा आणि हिंदूंच्या रूढींबद्दलचा १८८० चा हुकूमनामा असं सगळंच येतं. ‘फक्त वारसा घेते’ म्हटल्यानेही पुरेसं होत नाही, कारण तो अजून विषयच राहतो. कायद्यातला प्रश्न तिथे असतो, जिथे एखाद्या न्यायाधीशाला दोन उत्तरांपैकी एक निवडावं लागेल आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे बोलण्यासारखं काही असेल. अशी जागा पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत सापडत नाही. ती निकालपत्र सावकाश वाचताना सापडते.

तुमच्याच विषयातून एक वाट चालून दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९ चा ‘जोझे पावलू कुतिन्हो विरुद्ध मारिया लुइझा व्हालेंतिना परेरा’ हा निकाल घ्या. प्रकरण असं: एका गोवेकर गृहस्थांची मुंबईत मालमत्ता होती आणि ती त्यांनी मृत्युपत्राने एका मुलीला दिली. मुंबईच्या त्या मालमत्तेला १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू, की भारतीय वारसा कायदा? न्यायालयाने संहिता लागू केली. कारण हे दिलं की १९६२ च्या कायद्याने संसदेने ती पुढे चालू ठेवल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे, परकीय नाही. म्हणून दोन देशांच्या कायद्यांमधला पेच सोडवण्याचे नियम इथे लावायचे नाहीत. गोव्यात अधिवास, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर, असलेल्यांसाठी तो विशेष कायदा आहे आणि त्यांच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही तो लागतो.

हा निकाल वाचताना बहुतेक विद्यार्थी ‘समान नागरी कायदा’ या शब्दांपाशी थांबतात आणि त्यावर वीस पानं लिहितात. तुम्ही ‘अधिवास’ या शब्दापाशी थांबा. दोन देशांमधल्या पेचाचे नियम नकोत असं म्हटलं, पण कायदा कोणाला लागू हे ठरवायला जी कल्पना वापरली ती त्याच नियमांमधली आहे. शिवाय गोव्याबाहेरची मालमत्ता कोणाच्या कायद्याने जाईल हा तिथला मुख्य वाद होता. गोवा कायमचा सोडून गेलेला माणूस गोव्याच्या अधिवासाचा राहतो का, हा नव्हता. तुमचं काम या फटीतून सुरू होतं.

आता एक काल्पनिक उदाहरण पूर्ण मांडा. डिचोलीतला एक हिंदू गृहस्थ, लग्न गोव्यात, विवाहपूर्व करार नाही. नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथेच फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिला. मृत्युपत्र करून सगळं मुलाला दिलं. मुलगी गोव्यात आहे. फ्लॅटची किंमत ८० लाख धरा, दुसरी मालमत्ता नाही. गोव्याचा कायदा लागला तर ४० लाख मुळातच बायकोचे, कारण मालमत्ता सामाईक. उरलेल्या ४० पैकी निम्म्यावरच त्याचं मृत्युपत्र चालेल. बाकीचे २० लाख मुलांसाठी राखीव, म्हणजे मुलीला किमान १० लाख मिळणारच. हिंदू वारसा कायदा लागला तर कलम ३० प्रमाणे स्वकष्टार्जित फ्लॅट तो पूर्णपणे मुलाला देऊ शकतो. मुलीला काही नाही आणि बायकोचा मालकीचा अर्धाही आपोआप येत नाही. स्त्रियांचे हक्क तुम्हाला हवे होते, ते इथे नेमके या आकड्यांत आले. सगळा निकाल एकाच गोष्टीवर अडतो: मृत्यूच्या वेळी त्याचा अधिवास कुठे होता?

म्हणून प्रश्न असा लिहा: ‘गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या गोवेकराच्या मृत्युपत्राला राखीव वाट्याचा नियम लावताना न्यायालयाने गोव्याचा अधिवास कोणत्या कसोटीवर ठरवावा?’

याला दोन्ही बाजूंनी आधार आहे, आणि म्हणूनच हा टिकेल. ‘प्रदीप जैन’ (१९८४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास मानणं चुकीचं. त्याआधी ‘डी. पी. जोशी’ (१९५५) मध्ये बहुमताने राज्याचा अधिवास शक्य मानला होता, कारण विवाह आणि वारशाचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असू शकतात. दोन्ही प्रकरणं मेडिकल कॉलेजच्या जागा आणि शुल्काबद्दलची होती, त्यामुळे ती वारशाला किती बांधतात हेही तुम्हालाच तपासावं लागेल. माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा पुढे आहे. अधिवास कसा बदलतो याचे नियम भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या दुसऱ्या भागात आहेत, पण कलम ४ म्हणतं की मृत व्यक्ती हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर तो भाग लागू नाही. म्हणजे पुण्यात वारलेल्या गोवेकर ख्रिश्चनाचा अधिवास लिखित नियमांनी ठरेल आणि त्याच्या हिंदू शेजाऱ्याचा न्यायालयांनी घडवलेल्या तत्त्वांनी. ज्या कायद्याची ओळखच सगळ्या धर्मांना एक अशी आहे, त्याच्या दाराशीच धर्मानुसार दोन वाटा.

यातून मुद्दा एका वाक्यात निघतो: ‘२०१९ च्या निकालाचा आधार खरा मानायचा तर गोव्याचा अधिवास सर्व धर्मांच्या व्यक्तींसाठी एकाच कसोटीने, म्हणजे मृत्यूच्या वेळचं स्थायी वास्तव्य आणि राहण्याचा हेतू यांवरून, ठरायला हवा.’ विरुद्ध बाजूचं उत्तर लगेच सुचतं: मग मुलीला डावलायचं असेल तर बाप पुण्याला घर करेल. फार चांगलं. हा आक्षेप तुमच्या शेवटच्या आधीच्या प्रकरणाचा गाभा आहे. अभ्यासाअंती तुम्हाला उलटी बाजू पटली तर वाक्य बदला. प्रश्न तोच राहतो. पण ज्यावर कोणीच वाद घालणार नाही असं वाक्य (‘स्त्रियांना समान हक्क मिळायला हवेत’) मुद्दा म्हणून लिहू नका.

काय वगळलं ते सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा: विवाह, घटस्फोट, १८८० चा हुकूमनामा, इतर देशांशी तुलना, देशभरच्या समान कायद्याचा वाद. संहितेचा इतिहास दोन-तीन पानांत आटपा. प्रश्नावली घेऊन पन्नास बायकांना ‘कायदा चांगला वाटतो का’ विचारण्याच्या फंदात पडू नका. अधिवासाची कसोटी त्यातून कळणार नाही. गोव्याचा २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा मात्र (अंमल डिसेंबर २०१६ पासून) मूळ कलमांसकट वाचायलाच हवा. मृत्यू त्याआधीचा असेल तर जुनी संहिता बघावी लागते, म्हणून उदाहरणात मृत्यूचं वर्ष नक्की धरा. पोर्तुगीज येत नसेल तर अनुवादावर काम केलं असं प्रामाणिकपणे नोंदवा.

लिहायला बसण्याआधी एक शोध घ्या: २०१९ नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आणि मुंबईच्या मुख्य पीठाने हा निकाल कुठे उद्धृत केला, आणि त्यात अधिवासावर पुरावा घेतला की तो गृहीत धरला. एखाद्या निकालात कसोटी ठरवलेली सापडली तर घाबरू नका. मग प्रश्न ‘कोणती कसोटी असावी’ वरून ‘ही कसोटी १९६२ च्या कायद्याशी जुळते का’ वर सरकतो, आणि डिचोलीचं उदाहरण तसंच कामाला येतं. गाइडकडे जाताना शीर्षक घेऊन जाऊ नका. ते उदाहरण, ते दोन निकाल आणि ते एक वाक्य असं एक पान न्या.