रॅकच्या फळ्यांमधले अंतर बरणीवरून ठरवा

दुकानाची भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी भरलेले मापच धरावे, कारण आपल्याकडच्या जुन्या दगडी भिंती, विशेषतः परभणी-हिंगोलीकडच्या वाड्यांतल्या, क्वचितच सरळ असतात. समजा हे माप 10 फूट आले, तर 3 फुटी लोखंडी अँगलचे तीन रॅक बसतात आणि उरलेला फूटभर कोपरा झाडू-वजनकाट्याला पुरतो.

खरा फायदा मात्र उंचीत आहे. 4 इंच रुंद आणि 9 इंच उंच बरणीसाठी हात घालायला 2 इंच आणि पत्र्याच्या कडेला 1 इंच धरल्यास फळ्यांमध्ये 12 इंच पुरतात. पहिली फळी जमिनीपासून 6 इंचांवर ठेवली, तर 7 फुटी रॅकमध्ये 66 इंचांपर्यंत सहा फळ्या बसतात. फिटरच्या सवयीप्रमाणे 15 इंच सोडल्यास पाचच. आतली रुंदी 34 इंच आणि खोली 15 इंच असल्याने एका फळीवर आठच्या तीन रांगा, म्हणजे 24 बरण्या राहतात. तीन रॅकमध्ये 72 बरण्यांची जागा वाढते.

पत्रा मध्ये वाकू लागला, तर खालून आडवी पट्टी लावावी आणि जड माल खालच्या फळीवर घ्यावा.