पीक डिटेक्टरचं रीडिंग टिकत का नाही?

प्रश्न: सबमर्सिबल पंप सुरू होताना करंट किती उसळतो ते पाहायला पीक डिटेक्टर केला. टीएल०७२, १एन४१४८, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मल्टीमीटरवर ३.१ व्होल्ट येतात, पण ५ सेकंदांत १.९ होतात. डायोड खराब आहे का?

उत्तर: डायोड नाही, भाऊ, तुमचा मल्टीमीटरच कपॅसिटर पितोय. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगओहम असतो. त्याला १ मायक्रोफॅरडने गुणलं की १० सेकंद येतात, आणि त्या हिशेबाने ३.१ चे ५ सेकंदांत १.९ होतात. तुमचा आकडा तंतोतंत तोच आहे.

टीएल०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात. दुसरा बफर म्हणून कपॅसिटर आणि मीटरच्या मधे घाला. मी आधी तिथे एलएम३५८ लावला होता, कारण दुकानात तोच मिळाला. रीडिंग उतरायच्या ऐवजी हळूहळू चढायला लागलं! त्याच्या इनपुटमधून काही दहा नॅनोअँप करंट बाहेर येतो आणि तोच कपॅसिटर भरतो. टीएल०७२ चा करंट पिकोअँपमध्ये असतो.

बफर लावल्यावर मग डायोडची गळती दिसेल. पीक होऊन गेला की पहिल्या ऑप-अँपचं आउटपुट उणे टोकाला जाऊन बसतं, म्हणून डायोडवर उलटे १० व्होल्ट पडतात. २५ अंशांना १एन४१४८ ची गळती २० व्होल्टवर जास्तीत जास्त २५ नॅनोअँप. `dV/dt = I/C` या हिशेबाने ते सेकंदाला २५ मिलिव्होल्ट. दर १० अंशांना ती साधारण दुप्पट होते, म्हणजे मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४५ अंशांना चौपट धरा.

मी डायोडच्या जागी बीसी५४७ ट्रान्झिस्टर वापरतो: बेस हा अ‍ॅनोड, कलेक्टर हा कॅथोड, एमिटर मोकळा. बेस-एमिटर घेऊ नका, तो उलट्या ६ व्होल्टच्या आसपासच फुटतो. कमी ड्रॉपसाठी शॉटकी घ्यायचा मोह होतो, पण ड्रॉप तर फीडबॅक भरून काढतोच. शॉटकीची गळती तेवढी पदरात पडते.

कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या, इलेक्ट्रोलिटिक स्वतःच गळतो. त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहम टाका आणि पहिल्या ऑप-अँपचा फीडबॅक डायोड आणि या रेझिस्टरच्या सांध्यावरून घ्या. नाहीतर ऑप-अँप नुसत्या कपॅसिटरवर डळमळतो आणि डिटेक्टर तीच खोटी उसळी पकडून ठेवतो. रेझिस्टर १ किलोओहमचा केलात तर ५० हर्ट्झवर पीक ४-५ टक्के कमी दिसेल.

रिसेटला कपॅसिटरवर १ किलोओहममधून पुश बटण पुरे. कायमचा ब्लीडर लावला की पुन्हा तेच दुखणं.

आणि हे सर्किट फक्त धन बाजू पकडतं. मोटरचा पहिला झटका ऋण बाजूलाही येऊ शकतो. मोटर थंड झाल्यावर सीटीच्या, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलटवून पुन्हा पाहा, दोन-तीन वेळा सुरू करून जो मोठा आकडा येईल तो धरा.