‘बँकिंगचा अनुभव आवश्यक’ असे लिहिलेल्या जागेसाठी वाहतूक क्षेत्रातून अर्ज करताना

प्रश्न : “भिवंडीतल्या वाहतूक कंपनीत सहा वर्षे एमआयएस सांभाळतो आहे. एक्सेल आणि एसक्यूएल चांगले येते. कर्जवसुली विभागातल्या डेटा अ‍ॅनालिस्टच्या जाहिरातीत ‘बँक किंवा एनबीएफसीमधील ३ वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे लिहिले आहे. अर्ज करू का?”

अर्ज जरूर करावा, मात्र त्याआधी जाहिरातीतली कामांची यादी नीट वाचावी. रोजचा वसुली अहवाल काढणे, हप्त्यांच्या जमा रकमा खात्यांशी जुळवणे, शाखानिहाय थकबाकी दाखवणे अशी कामे असतील, तर आपल्या सहा वर्षांना तिथे मोल आहे. रिझर्व्ह बँकेला जाणाऱ्या विवरणपत्रांची किंवा अनुत्पादक कर्जांच्या, म्हणजे एनपीएच्या, वर्गीकरणाची अंतिम जबाबदारी त्या जागेवर असेल, तर तीन वर्षांची अट खरी समजावी, कारण तिथली चूक पकडणारा माणूस आपल्यानंतर कोणी नसतो.

मी कर्जखात्यांच्या अहवालांचे काम बरीच वर्षे करतो आहे आणि नव्या लोकांच्या मुलाखतीही घेतो. उमेदवार कुठे अडतो हे एका उदाहरणावरून सांगतो. दरमहा १०,००० रुपये हप्त्याचे एक कर्ज धरा. ३१ मार्चचा हप्ता आला नाही आणि पुढचेही आले नाहीत. अशा वेळी ३१ मार्चच्या दिवसअखेरीलाच खाते थकीत होते, ३० दिवस पूर्ण झाल्यावर ३० एप्रिलला ते एसएमए-१ या एनपीएआधीच्या इशाऱ्याच्या वर्गात जाते, ६० दिवसांनी ३० मे रोजी एसएमए-२ मध्ये आणि ९० दिवसांनी २९ जूनच्या दिवसअखेरीला एनपीए होते.

आता कर्जदाराने २८ जूनला एक हप्ता भरला आणि तो सर्वांत जुन्या थकबाकीत जमा झाला, असे समजू. सर्वांत जुनी थकबाकी आता ३० एप्रिलची उरली, तिला ५९ दिवस झाले आणि खाते एसएमए-१ मध्ये आले. तोच हप्ता त्याने ५ जुलैला भरला तर काय होईल? हिशेबाने थकबाकी ६६ दिवसांची दिसते, म्हणून नवखा उमेदवार एसएमए-२ असे उत्तर देतो. ते चूक आहे. एकदा एनपीए झालेले खाते, मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरून होईपर्यंत एनपीएच राहते. आपल्या उदाहरणात ५ जुलैला ३०,००० रुपये अजून बाकी आहेत. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शिवाय वर्गीकरण कर्जदारनिहाय होते, त्यामुळे त्याच कर्जदाराचे त्याच संस्थेतले दुसरे, नियमित चाललेले कर्जही एनपीए धरले जाते.

या चुकीतला एसक्यूएलचा भाग बहुधा निर्दोष असतो. फक्त आजच्या थकबाकीच्या दिवसांवरून वर्ग ठरवला जातो आणि कालचा वर्ग पाहिलाच जात नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षी मी नेमके हेच केले होते. एनपीएची संख्या एका महिन्यात अचानक उतरली आणि वसुलीची रक्कम मात्र जवळपास तेवढीच होती, यावरून तपासनीसाच्या ते लक्षात आले. हा ताळा मी आजही दर महिन्याला घेतो.

क्षेत्राचे ज्ञान म्हणतात ते या कामापुरते एवढेच आहे : दिवस कुठून मोजायचे, वर्ग कधी बदलतो, कधी बदलत नाही आणि हे कोणी ठरवले आहे. अशा नियमांशी आपली ओळख नाही असे समजू नका. साध्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस असते, आणि तो दिवस चोवीस तासांचा नसून दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीला संपतो, हे आपण रोज सांभाळता. १० तारखेला सकाळी ९ वाजता वाहनाचा तपशील भरला काय किंवा रात्री ९ वाजता भरला काय, मुदत ११ तारीख संपतानाच्या मध्यरात्रीपर्यंतच. पीओडी, म्हणजे माल पोचल्याची पावती, न आलेल्या बिल्ट्यांची दिवसवार यादी काढून ग्राहकाची बिले अडकवणारी बिल्टी शोधणे, हेही थकीत खात्यांच्या यादीचेच काम आहे.

म्हणून बायोडेटात नुसते ‘एमआयएस अहवाल तयार केले’ असे लिहू नका. किती गाड्यांच्या बिल्ट्या आपण पाहत होता, पीओडी आणि बिले यांतला फरक कसा शोधला, मुदत संपत आलेली ई-वे बिले कोणत्या नियमाने वेगळी काढली, हे आकड्यांसह लिहा. त्याखाली तीन वर्षांचा अनुभव नसल्याचे सरळ एका वाक्यात नमूद करा. तो आहे असे भासवणारा उमेदवार ५ जुलैच्या हप्त्यापाशी उघडा पडतो.

मुलाखतीपूर्वी वीस काल्पनिक कर्जखाती एक्सेलमध्ये मांडा. त्यांतली तीन-चार एकाच कर्जदाराची ठेवा, काहींचे हप्ते एनपीए होण्याच्या आदल्या दिवशी आणि काहींचे नंतर जमा दाखवा, आणि सहा महिन्यांचा रोजचा वर्ग सूत्राने काढा. सूत्रात कालच्या वर्गाचा स्तंभ घ्यावाच लागला, तर विषय आपल्या हाती आला असे समजा, आणि तीच फाइल मुलाखतीला सोबत न्या.